घाणा बंद होता ती वर्षं गोष्टीत ठेवा

प्रश्न : परभणी जिल्ह्यातल्या सेलूत आमचा करडईच्या तेलाचा लाकडी घाणा आहे. आजोबांचा बैलाचा घाणा होता. बहात्तरच्या दुष्काळात तो बंद पडला, तीनेक वर्षांनी सुरू झाला आणि 1996 च्या सुमारास कायमचा बंद झाला. वडिलांनी पुढे किराणा दुकान चालवलं. 2017 मध्ये मी मोटारीवरचा घाणा टाकला. आता डब्यावर आणि वेबसाइटवर आमची गोष्ट द्यायची आहे. एजन्सीनं लिहून दिलंय : "सन 1932. एका छोट्याशा खोलीत एका ध्येयवेड्या तरुणाने शुद्धतेचे स्वप्न पाहिले. चार पिढ्यांचा अखंड वारसा, 100 टक्के नैसर्गिक, पारंपरिक पद्धतीने काढलेले, आजीच्या मायेची चव असलेले तेल." वडील 1932 म्हणतात, आत्या म्हणतात पोलीस ॲक्शननंतर. कागद नाही. हे वाचून मलाच संकोच वाटतो, पण साधं लिहिलं तर वाचणार कोण?

उत्तर :

हा मजकूर छापू नका. भाषा गुळगुळीत आहे हे कारण दुय्यम आहे. त्यात तुमच्याच सांगण्याशी न जुळणाऱ्या तीन गोष्टी आहेत. साल वादात आहे. "अखंड" म्हणावं तर घाणा दोनदा बंद पडला, दुसऱ्यांदा वीस-एकवीस वर्षं. आणि पिढ्या चार कशा होतात ते मला कळलं नाही. आजोबा, वडील आणि तुम्ही मिळून तीन होतात, त्यातही घाणा चालवलेल्या दोनच. सेलूसारख्या गावात हे सगळं माहीत असलेली माणसं अजून आहेत आणि तुमचे पहिले गिऱ्हाईक तीच आहेत. बाजारपेठेतल्या एखाद्या म्हाताऱ्यानं डबा हातात घेऊन "अखंड कुठला रे, मधी तर बंदच होता की" म्हटलं, की डब्यावरच्या बाकीच्या खऱ्या ओळीही वाया जातात.

एजन्सीनं जे लपवलं, तीच तुमच्या गोष्टीची सर्वात भक्कम बाजू आहे. "छोट्या खोलीतून सुरुवात" महाराष्ट्रातल्या हजारो धंद्यांची आहे. आजोबांचा घाणा दुष्काळानं बंद पाडला, पुन्हा उभा राहिला, मग बाजारानं बंद पाडला, आणि नातवानं दोन दशकांनी तो परत टाकला, ही हकीकत मात्र तुमच्या घराची आहे. त्यामुळे काम दोनच आहेत. सालाचा प्रश्न प्रामाणिकपणे मिटवायचा आणि बंद पडण्याची दोन्ही वर्षं नीट सांगायची.

आधी साल. "स्थापना" म्हणजे नेमकी कशाची, हे घरात बसून ठरवा. तुमच्याकडे तीन सुरुवाती आहेत : आजोबांचा घाणा, वडिलांचं दुकान आणि 2017 चं आत्ताचं युनिट. एजन्सी तिन्ही एकाच सालाखाली दडपते आणि घोळ तिथंच होतो. 2017 चा कागद तुमच्याकडे असणारच, फूड लायसन्स आहे, वीज जोडणी आहे. दुकानाचा गुमास्ता किंवा विक्रीकराची जुनी नोंदणी सापडेल. प्रश्न फक्त पहिल्या घाण्याचा उरतो.

"कागद नाही" असं मला जवळजवळ प्रत्येक घर सांगतं, आणि बहुतेक वेळा कागद असतो, फक्त तो धंद्याच्या फायलीत नसतो. तुमच्या घरात कुणाची जात पडताळणी झाली आहे का? झाली असेल तर ती प्लास्टिकची फाइल काढा. इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचे पुरावे मागतात, म्हणून घराघरांत आजोबा-पणजोबांचे शाळेचे प्रवेश-निर्गम उतारे, जुनी खासरा पाहणी, फेरफाराच्या नकला जमवलेल्या असतात. शाळेच्या उताऱ्यात बऱ्याचदा वडिलांचा धंदा लिहिलेला असतो. आत्यांच्या किंवा तुमच्या वडिलांच्या उताऱ्यात आजोबांच्या नावापुढे तेलाचा धंदा लिहिलेला सापडला, तर त्या साली घाणा होता याचा तो सरकारी दाखला झाला.

हे कागद वाचताना एक काळजी घ्या. सप्टेंबर 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. तेव्हाचे बरेच दस्त उर्दूत, काही मोडीत आहेत आणि साल फसली, म्हणजे निजामाच्या महसुली कालगणनेचं आहे. हैदराबादच्या फसली सालात 590 मिळवले की इसवी सन येतो. फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला बदलायचं, त्यामुळे 1358 फसली म्हणजे 1948-49. घरच्या वहीत शके असेल तर 78 मिळवा, विक्रम संवत असेल तर 56 किंवा 57 वजा करा. जुनी वही एखाद्या मारवाडी मुनिमानं लिहिलेली असेल तर ती बहुधा संवतातली निघेल. उर्दू वाचणारे मास्तर परभणीत सहज भेटतात. अंदाजानं वाचू नका, कारण एका आकड्यानं दशक बदलतं.

वडिलांचं 1932 कुठून आलं तेही तपासा. मी पाहिलेल्या घरांत असं साल बऱ्याचदा मूळ माणसाच्या जन्माचं किंवा घर बांधल्याचं निघतं आणि सांगता सांगता धंद्याला चिकटतं. आजोबांच्या उताऱ्यात जन्मतारीख 1925 च्या आसपासची निघाली तर 1932 मध्ये ते सात वर्षांचे होते, म्हणजे घाणा त्यांनी सुरू केला नाही. मग एक तर 1932 चुकीचं, नाही तर घाणा पणजोबांचा. पणजोबांचा निघाला तर गोष्टच बदलते आणि चार पिढ्याही जुळतात. म्हणून आधी हा उतारा काढा, मग लिहायला बसा.

आत्यांना मात्र "घाणा कोणत्या साली सुरू झाला?" असं विचारू नका. त्या वयाच्या माणसाला साल आठवत नाही, पण काळ आठवतो. घाणा बसवला तेव्हा शाळा उर्दूतून होती की मराठीतून? तेलाचे पैसे निजामाच्या हाली नाण्यांत यायचे की ब्रिटिश कलदार रुपयांत? रझाकारांच्या वेळी घर सोडून कुठे गेला होतात, आणि जाताना घाणा मागे होता का? शेवटचा प्रश्न सर्वात उपयोगी आहे. पोलीस ॲक्शन 13 ते 17 सप्टेंबर 1948 अशी पाचच दिवस चालली, आणि त्याआधीची धास्ती मराठवाड्यातल्या त्या पिढीला विसरणं शक्य नाही. घाणा टाकून पळालो असं त्या म्हणाल्या तर तो 1948 च्या आधीचा. परत आल्यावर बसवला म्हणाल्या तर नंतरचा. हाली नाण्यावर एकट्यावर विसंबू नका, कारण ते विलीनीकरणानंतरही काही वर्षं चालत होतं. आत्या बोलतील ते मोबाइलवर रेकॉर्ड करा, त्यांना सांगून. वडिलांना त्या वेळी खोलीत बसवू नका. भावासमोर बहीण स्वतःची आठवण मागे घेते, हे मी फार वेळा पाहिलं आहे.

एवढं करूनही साल सापडलं नाही तर काय छापायचं? काळ छापा. "पोलीस ॲक्शननंतरच्या वर्षांत" हे आपल्याकडच्या वाचकाला 1932 पेक्षा जास्त बोलतं. पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकासाठी "1948 नंतर" म्हणा. डब्यावरच्या गोल शिक्क्यात मात्र फक्त ज्याचा कागद हातात आहे तेच साल घाला. आज ते 2017 आहे. "2017 पासून" लहान वाटेल, पण त्याच्याखालीच "आजोबांच्या घाण्यावरून" अशी ओळ असेल तर ते लहान राहत नाही.

आता बंद पडलेली वर्षं. इथं घाई करू नका, कारण मजकुराचा जीव इथं आहे.

भूम तालुक्यातल्या खव्याच्या एका घरासाठी काम करताना आम्ही आजींसमोर बसलो होतो. मुलाला एकच हवं होतं, आईनं खव्याच्या चवीचं गुपित सांगावं. तिनं काही सांगितलं नाही. मी विचारलं, बहात्तरला भट्टी चालू होती का? तेव्हा त्या पहिल्यांदा सरसावून बसल्या. "भट्टी कशाची? दूधच न्हवतं. म्हशी इकल्या. मी अन् हे, दोघंबी खडी फोडाया जायचो. मिलोची भाकर, अन् लेकराला सुकडी." मग हातवारे करून त्यांनी सांगितलं, की परत भट्टी पेटवली तेव्हा पहिली कढई उसनी आणली होती आणि तिच्या बुडाला ठिगळ होतं, म्हणून खवा लागायचा, म्हणून उलथणं एका बाजूनं घासून चपटं केलं. ते उलथणं घरात होतं. मुलानं ते तोवर कुणाला दाखवलं नव्हतं. आज त्यांच्या दुकानात गुपित-बिपित काही लिहिलेलं नाही. ते उलथणं लावलंय आणि खाली दोन ओळी आहेत.

तुमच्या घरीही असंच विचारा. "दुष्काळात फार हाल झाले" एवढ्यावर थांबू नका. करडई रब्बीची. बहात्तरला पावसानं दगा दिल्यावर रब्बीही गेली, म्हणजे घाण्याला बी नाही आणि बैलाला वैरण नाही. मग बैलाचं काय केलं? विकला, नातेवाइकाकडे पाठवला, की छावणीत? आजोबा कोणत्या कामावर गेले, पाझर तलाव की रस्ता? परत घाणा सुरू करताना बैल कुणाच्या पैशानं घेतला? या शेवटच्या प्रश्नाला कधी आजीची पाटली निघते, कधी शेजारच्या शेतकऱ्यानं पेंडीच्या बोलीवर दिलेला बैल निघतो. जे निघेल ते लिहा. न निघालं तर सोडून द्या, पाटली मनानं घालू नका. गहाण पडलेले दागिने हे अशा मजकुरांत इतके वेळा आलेत की खरे असले तरी वाचकाला खोटे वाटतात. खरे असतील तर कुणाकडे गहाण पडले आणि सुटले की नाही हेही सांगावं लागेल.

दुसरी बंदी, 1996 ची, एजन्सीला मुळीच आवडणार नाही, पण तीच तुमचं आजचं तेल समजावून सांगते. 1994 मध्ये पामोलिनची आयात खुली झाली. त्या वेळी आयात शुल्क 65 टक्के होतं, ते पुढच्या चार वर्षांत उतरत 15 टक्क्यांवर आलं. स्वस्त पामोलिन आणि रिफाइंडच्या पिशव्या तालुक्याच्या दुकानांत आल्या आणि घाण्याचं तेल महाग दिसायला लागलं. त्यात ऑगस्ट 1998 मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या तेलाची भेसळ होऊन अंगावर सूज आणणाऱ्या ड्रॉप्सीची साथ आली, माणसं दगावली, आणि सरकारनं त्याच वर्षी सुट्या खाद्यतेलाच्या विक्रीवर निर्बंध आणणारा आदेश काढला. बाटली-किटली घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकावर जगणाऱ्या लहान घाण्यांना तोही फटका होता.

ही पार्श्वभूमी सांगितली ती तुम्ही वडिलांना नेमके प्रश्न विचारावेत म्हणून. ती जशीच्या तशी आजोबांच्या तोंडी घालू नका. घाणा खरंच पामोलिनमुळे बंद झाला, की आजोबांचे गुडघे गेले, की भावांच्या वाटणीत जागा गेली? तुमचा घाणा 1996 ला बंद झाला असेल तर 1998 च्या आदेशाचा त्याच्याशी संबंधच नाही, मग मजकुरात तो यायला नको. उलट वडील म्हणाले, "आदेश आला तेव्हा आपण बंद केला", तर तुमचं 1996 चुकलंय. माहीत असलेल्या तारखांवर घरची आठवण अशी घासून पाहता येते. आणि वडिलांनी दुकानात त्याच रिफाइंडच्या पिशव्या विकल्या असतील, तर तेही लिहा. ती लाजेची बाब नाही. घर त्यावर चाललं, तुमचं शिक्षण त्यावर झालं, आणि 2017 चा घाणा बहुधा त्याच दुकानाच्या पैशानं किंवा तारणावर आला. वडिलांना गोष्टीतून वगळून "आजोबांचा वारसा नातवानं जपला" असं लिहिणारे मजकूर मी वाचले आहेत. मधल्या माणसाला ते फार लागतं.

आता एजन्सीच्या उरलेल्या शब्दांकडे. यातले काही कायद्याच्या दृष्टीनेही अंगाशी येऊ शकतात. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या 2018 च्या जाहिरात आणि दाव्यांच्या नियमांत नैसर्गिक, शुद्ध, पारंपरिक, अस्सल अशा अर्थाच्या शब्दांना अटी घातल्या आहेत. "पारंपरिक" म्हणायचं तर कृती किंवा पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आणि मुख्यतः न बदललेली असावी लागते. तुमचा बैल जाऊन मोटर आली, मधे दोन दशकांचा खंड आहे. लाकडी उखळ तेच तत्त्व पाळतं असा वाद घालता येईल, पण तो घालायची वेळ का आणावी? "लाकडी घाणा, मोटारीवर चालणारा" असं सरळ लिहा. "100 टक्के" या शब्दप्रयोगाबद्दल एफएसएसएआयनं 2025 मध्ये व्यावसायिकांना तो टाळायला सांगितलं आहे. कोलेस्टेरॉल कमी करतं अशा छापाचे शब्द खाद्यतेलाच्या डब्यावर चालत नाहीत, त्यामुळे वेबसाइटवरही "हृदयाचा मित्र" वगैरे आणू नका. ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली फसव्या जाहिरातीला पहिल्या वेळी 10 लाखांपर्यंत दंड आहे. लेबल छापण्याआधी एकदा जाणकाराकडून तपासून घ्या.

"तेल अजिबात गरम होत नाही" हे वाक्य घाणेवाल्यांच्या जाहिरातीत हमखास असतं आणि ते खरं नसतं. उखळातली लाकडी लाट फिरली की घर्षणानं तेल कोमट होतंच. बाहेरून उष्णता देत नाही, एवढं तुम्ही छातीठोकपणे म्हणू शकता. थर्मामीटर लावून उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात तापमान नोंदवलंत तर तो आकडाही देता येईल. "स्थानिक शेतकऱ्यांकडून" हेही पावत्या बघून लिहा. बी आडतीवर घेत असाल आणि त्यात बाहेरून आलेला माल असेल, तर "सेलूच्या बाजारातून" लिहा.

"आजीच्या मायेची चव" तर काढाच. आजी घाण्यावर काय करायच्या ते विचारा : बी पाखडायच्या, पेंड विकायच्या, उधारी लक्षात ठेवायच्या? एक खरं काम लिहिलं की त्या मजकुरात आल्या.

कोणतं वाक्य ठेवायचं हे ठरवायला मी एक तपासणी करते. वाक्यातलं तुमचं नाव खोडून जालन्यातल्या एखाद्या घाण्याचं नाव घाला. वाक्य तरीही बसत असेल तर ते काढून टाका. एजन्सीच्या मजकुरातलं एकही वाक्य या तपासणीत टिकत नाही, आणि 1932 टिकलं तरी त्याला आधार नाही.

तुम्ही दिलेल्या माहितीवर वेबसाइटसाठी मी असं लिहीन. बैल विकल्याचं, आजींचं आणि पामोलिनचं मी धरून चालले आहे. आत्या आणि वडील जे सांगतील ते तिथं घाला.

"आमचे आजोबा सेलूत बैलाच्या घाण्यावर करडईचं तेल काढायचे. घाणा नेमका कधी बसवला याचा कागद आमच्याकडे नाही. आत्यांच्या आठवणीप्रमाणे तो पोलीस ॲक्शननंतरच्या वर्षांतला. 1972 च्या दुष्काळात बी मिळेना आणि बैलाला वैरण मिळेना. आजोबांनी बैल विकला. तीन वर्षं घाणा बंद होता. पुन्हा सुरू झाला तेव्हा आजी पेंड आणि उधारी सांभाळायच्या. 1996 च्या सुमारास गिऱ्हाईक पामोलिनकडे वळलं आणि आजोबांनी घाणा थांबवला. वडिलांनी त्याच जागेत किराणा दुकान चालवलं. आम्हीही तेव्हा पिशवीतलंच तेल खात होतो. 2017 मध्ये आम्ही पुन्हा लाकडी घाणा टाकला. तो आता मोटारीवर चालतो. करडई सेलूच्या बाजारातून घेतो, बाहेरून उष्णता देत नाही, आणि तेल निवळल्यावरच डब्यात भरतो. घाणा चालू असताना येऊन बघता येतो."

"आम्हीही तेव्हा पिशवीतलंच तेल खात होतो" या वाक्यावर एजन्सी नक्की अडेल. ते ठेवा. ज्यांच्या घरी तेच तेल होतं ते वाचक इथं थांबतात, कारण त्यांच्यावर कुणी बोट रोखत नाही. साधं कोण वाचणार, असं तुम्ही विचारलं होतं. असं वाक्य असलेलं साधं लोक वाचतात. "घाणा बघता येतो" ही ओळ मात्र खरंच कुणी आलं तर दाखवायची तयारी असेल तरच ठेवा आणि वेळ लिहा.

डब्यावर एवढं बसणार नाही. तिथं तीन ओळी पुरेत : "सेलूचा लाकडी घाणा. आजोबांचा घाणा 1996 च्या सुमारास बंद झाला. 2017 मध्ये आम्ही पुन्हा सुरू केला." बाकीचं सांगायला वेबसाइट आणि दुकानातला माणूस आहे.

छापायला देण्याआधी मजकूर आत्यांना, वडिलांना आणि आजोबांच्या बाकी मुलांच्या घरी वाचून दाखवा. आजोबांचं नाव आणि फोटो सगळ्यांचा आहे. उद्या चुलतभावानं त्याच नावानं दुकान काढलं तर वाद सालावरून सुरू होतो आणि नावावर येतो. कुणी म्हणेल अमुक गोष्ट घालू नका, आजोबांचं कर्ज किंवा वाटणी. ती वगळा. वगळल्यानं मजकूर खोटा होत नाही. कुणी म्हणालं 1932 घालाच, तर त्यांच्याकडे कागद मागा, आणि तो निघेपर्यंत आत्यांच्या आठवणीवर छापा. पहिली खेप कमी डब्यांची काढा, म्हणजे उतारा हाती लागला की ती ओळ दुरुस्त करता येईल.